शेहेचाळीस रुपये ऐंशी पैसे

आमच्या अठ्ठेचाळीस सदनिकांच्या गृहनिर्माण संस्थेचा मानद खजिनदार म्हणून २०२३-२४ या आर्थिक वर्षाचे हिशेब मी मे २०२४ मध्ये लेखापरीक्षणासाठी तयार करीत होतो. सहकारी संस्थांचे लेखापरीक्षण वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत, म्हणजे ३१ जुलैच्या आत, पूर्ण व्हावे लागते, त्यामुळे हाताशी वेळ पुरेसा होता. जमाखर्च मी संगणकावरील तक्त्यात ठेवतो आणि संस्थेचे एकमेव बचत खाते जवळच्या एका नागरी सहकारी बँकेत आहे. सारी कागदपत्रे लावून झाल्यावर शेवटचे काम उरले होते ते बँक जुळवणी पत्रकाचे. एका संध्याकाळी ते उरकेल अशी माझी समजूत होती आणि त्यात माझे जवळपास दोन आठवडे गेले.

३१ मार्च २०२४ रोजी माझ्या रोखवहीप्रमाणे बँकेतील शिल्लक १,८४,१६२ रुपये होती. आपण दिलेले, पण बँकेत अद्याप न वटलेले धनादेश तीन होते: लिफ्टच्या देखभालीचा १२,५०० रुपयांचा, सुरक्षारक्षकांच्या कंत्राटदाराचा २१,६०० रुपयांचा आणि नळकामाचा ३,३५० रुपयांचा, मिळून ३७,४५० रुपये. त्या वर्षी ३१ मार्चला रविवार आला होता, म्हणून ३० तारखेला भरलेले सभासदांचे ३,६०० रुपयांचे दोन धनादेश एप्रिलमध्येच जमा झाले. ते ७,२०० रुपये वजा करायचे. रोखवहीच्या शिलकेत न वटलेले धनादेश मिळवले आणि जमा न झालेली रक्कम वजा केली की बँकेत २,१४,४१२ रुपये दिसायला हवे होते. खातेउताऱ्यावर मात्र २,१४,३६५ रुपये २० पैसे होते. फरक ४६ रुपये ८० पैशांचा.

तोवर वर्षभरातील प्रत्येक धनादेश आणि प्रत्येक भरणा मी उताऱ्याशी पडताळून त्यापुढे खूण केलेली होती. खूण नसलेली एकही ओळ माझ्या तक्त्यात उरली नव्हती आणि तरीही फरक जागचा हलत नव्हता. लाखांच्या उलाढालीत एवढ्या रकमेचे काय घेऊन बसायचे, ती ‘राउंड ऑफ’ खात्यात किंवा उलगडा न झालेल्या रकमा ठेवण्याच्या उचंत खात्यात टाकून मोकळे व्हावे, असा विचार माझ्या मनात आला हे मी लपवीत नाही. आमच्या सचिवांनी तर स्वतःच्या खिशातून पन्नास रुपये काढून माझ्यापुढे ठेवले आणि विषय संपवायला सांगितले. त्या पन्नास रुपयांची पावती कोणत्या शीर्षकाखाली फाडायची, असे मी विचारले तेव्हा ती नोट परत खिशात गेली.

सुरुवात मी हिशेबनीसांच्या पिढ्यांपिढ्या चालत आलेल्या आडाख्यांपासून केली. पहिला आडाखा निम्म्याचा. एखादी खर्चाची रक्कम चुकून जमेच्या बाजूला लिहिली गेली, तर फरक त्या रकमेच्या दुप्पट पडतो, म्हणून फरकाचे निम्मे करून तेवढी नोंद शोधायची. ४६ रुपये ८० पैशांचे निम्मे २३ रुपये ४० पैसे होतात. उताऱ्यात ऑगस्ट महिन्यात जादा उताऱ्याचे शुल्क म्हणून २३ रुपये ६० पैसे, म्हणजे वीस रुपये आणि त्यावर अठरा टक्के कर, नावे पडलेले दिसले आणि चोर सापडला असे मला क्षणभर वाटले. परंतु ती नोंद बाजू चुकून लिहिली गेली असती तर फरक ४७ रुपये २० पैशांचा पडला असता. रोखवहीत पाहिले तर नोंद योग्य त्या बाजूला आणि योग्य त्या रकमेची होती. उरलेले चाळीस पैसे दुसऱ्या कुठल्या तरी कारणाने आले असतील अशी मनाची समजूत घालण्यात मी त्याआधी चांगला अर्धा तास घालवला होता. जुळवणीत ‘जवळपास’ मिळालेली रक्कम म्हणजे न मिळालेली रक्कम, हे मला तेव्हा नीट उमगले नव्हते.

दुसरा आडाखा नवाचा. एखाद्या संख्येतील शेजारचे दोन अंक उलटसुलट लिहिले गेले, म्हणजे ५४ चे ४५ झाले, तर मूळ आणि चुकीच्या संख्येतील फरकाला नवाने नेहमी निःशेष भाग जातो. ४६ रुपये ८० पैशांचे ४,६८० पैसे होतात आणि त्यांना नवाने भागले की बरोबर ५२० येतात, बाकी शून्य. मी आनंदलो आणि अंकांची अदलाबदल झालेली नोंद शोधत पूर्ण एक संध्याकाळ घालवली. दशांशचिन्ह सरकले असेल, म्हणजे ५२ रुपयांच्या जागी ५ रुपये २० पैसे लिहिले गेले असतील, तरीही नेमका हाच फरक पडतो, म्हणून ५२ रुपयांची नोंदही धुंडाळली. तशी नोंद वर्षभरात कुठेच नव्हती.

इमारतीतील एक निवृत्त बँक अधिकारी, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, त्यांनी दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटल्यावर त्या आडाख्याचा उरलेला अर्धा भाग सांगितला. ते म्हणाले, “अहो, नुसता भाग जातो एवढे पाहून भागत नाही, भागाकार काय येतो ते पाहा. शेजारचे दोन अंक एकदाच उलटले असतील तर भागाकारात एकच अंक आणि पुढे नुसती शून्ये येतात. तुमच्याकडे पाच आणि दोन असे दोन अंक आले आहेत, म्हणजे ही एका अदलाबदलीची चूक नव्हेच.” मी विचारले की मग नवाने भाग गेला तो कशामुळे. त्यावर त्यांनी सहज सांगितले की दर नऊ रकमांमागे एकीला भाग जायचाच, त्यात विशेष काही नाही. निघताना त्यांनी एक गोष्ट आणखी विचारली, आणि तिथून माझ्या शोधाची दिशा बदलली. “ही एकच चूक आहे असे तुम्ही धरून चालला आहात, ते कशावरून?”

त्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. फरक एका रकमेचा दिसतो म्हणून त्यामागची चूकही एकच असावी, असे मी न तपासता गृहीत धरले होते. दोन-तीन मोठ्या चुका एकमेकींना बहुतांशी खाऊन टाकतात आणि उरलेला चुरा तेवढा आपल्याला फरक म्हणून दिसतो, अशीही शक्यता असते, आणि तसे असेल तर ४६ रुपये ८० पैसे ही रक्कम कोणत्याही कागदावर कधीच सापडणार नाही, कारण ती कोणत्याच व्यवहाराची रक्कम नसते.

त्या रात्री मी रुपये बाजूला ठेवून फक्त पैशांकडे पाहिले. फरकात ८० पैसे आहेत, याचा अर्थ पैसे असलेली निदान एक तरी नोंद चुकलेली असणार, आणि आमच्यासारख्या संस्थेच्या खात्यात पैसे असलेल्या नोंदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच असतात, कारण देखभालीची वर्गणी आणि धनादेश हे सारे पूर्ण रुपयांतच चालते. उताऱ्यात मला अशा पाच ओळी मिळाल्या. एक वर सांगितलेली २३ रुपये ६० पैशांची आणि बाकीच्या चार मोबाइलवर येणाऱ्या संदेशांच्या शुल्काच्या. दर तिमाहीला पंधरा रुपये आणि करासह १७ रुपये ७० पैसे. रोखवहीत मी चारही वेळा १८ रुपये लिहिले होते. पैशांचा उपद्रव नको म्हणून पूर्ण रुपयांत लिहिण्याची ती माझी जुनी खोड होती. घरखर्चाच्या वहीत ती चालून जाते, पण बँकेने नावे टाकलेली रक्कम पूर्णांकात करण्याचा अधिकार खजिनदाराला नसतो.

चार वेळा तीस पैसे म्हणजे १ रुपया २० पैसे मी जादा खर्ची टाकले होते. ते दुरुस्त केल्यावर रोखवहीची शिल्लक तेवढ्याने वाढली आणि फरक ४६ रुपये ८० पैशांवरून थेट ४८ रुपये झाला. खरी चूक सापडून ती सुधारली आणि फरक मात्र वाढला, हे पाहून कोणीही गोंधळेल. मी तर ती दुरुस्ती काढून टाकण्याच्या बेतात होतो. नंतर लक्षात आले की चुका दोन्ही दिशांना असतील तर हे असेच व्हायला हवे. उलट दिशेची एक चूक दूर केली की तिने झाकलेला भाग उघडा पडतो. दुरुस्ती बरोबर आहे की नाही हे मूळ कागद ठरवतो, त्यामुळे फरक घटला की वाढला याला पुरावा म्हणता येत नाही. उताऱ्यावर १७ रुपये ७० पैसे स्पष्ट छापलेले होते, म्हणून मी ती दुरुस्ती तशीच ठेवली.

आता फरक पूर्ण रुपयांत आला होता आणि त्याने मला नव्या मोहात पाडले. सदनिका अठ्ठेचाळीस आणि रुपयेही अठ्ठेचाळीस. प्रत्येक सभासदामागे एक रुपया कुठेतरी सुटला असेल काय, या कल्पनेपायी मी सगळ्या पावत्या पुन्हा एकदा चाळल्या. योगायोगाशिवाय त्यात काही नव्हते.

त्यानंतर मी रकमेचा पाठलाग सोडला आणि फरक नेमका कधी सुरू झाला हे शोधायचे ठरवले. वर्षअखेरच्या एकाच दिवसाची जुळवणी करण्याऐवजी प्रत्येक महिन्याच्या शेवटच्या दिवशी फरक किती होता ते काढले, तर ज्या महिन्यात तो बदलतो त्या महिन्यात चूक आहे असे सांगता येते. बारा महिन्यांची बारा जुळवणी पत्रके, तीही दर महिन्याचे न वटलेले धनादेश पुन्हा शोधून काढून, हे काम प्रथमदर्शनी भीतिदायक वाटले, परंतु थोडा विचार केल्यावर एक सोपी वाट दिसली. माझ्या तक्त्यात प्रत्येक नोंदीपुढे ती बँकेत कोणत्या तारखेला जमा झाली किंवा वटली याचा एक स्तंभ होता. रोखवहीच्या शिलकेत न वटलेले धनादेश मिळवणे आणि जमा न झालेले भरणे वजा करणे, याचा अर्थ शेवटी एवढाच होतो की बँकेच्या तारखेनुसार ज्या नोंदी त्या दिवसापर्यंत झाल्या त्यांचीच बेरीज घ्यायची. म्हणून मूळ वहीला हात न लावता तिची एक प्रत काढली, १ एप्रिल २०२३ ची उताऱ्यावरील आरंभीची शिल्लक वर लिहिली, आदल्या वर्षीचे जे दोन धनादेश तेव्हा वटायचे राहिले होते ते पहिल्या दोन ओळींत घातले, आणि प्रत्येक महिनाअखेरीसमोर हे सूत्र मांडले.

```
=$H$1+SUMIFS(C:C,E:E,"<="&G5)-SUMIFS(D:D,E:E,"<="&G5)
```

यात C हा जमेचा स्तंभ, D खर्चाचा, E बँकेच्या तारखेचा, G5 मध्ये महिनाअखेरची तारीख आणि H1 मध्ये आरंभीची शिल्लक आहे. सूत्राने आलेला आकडा आणि उताऱ्यावरील त्या दिवसाची शिल्लक यांची वजाबाकी शेजारच्या स्तंभात ठेवली. आदल्या वर्षीचे लेखापरीक्षित जुळवणी पत्रक मी त्याआधी तपासून घेतले होते, कारण आरंभीच्याच शिलकेत फरक दडलेला असेल तर वर्षभर शोधूनही तो सापडत नाही. ते पत्रक बिनचूक होते.

पहिल्याच प्रयत्नात एप्रिलचा फरक हजारांत आला. काही तारखा मी ‘१२.०४.२०२३’ अशा टिंबे देऊन लिहिल्या होत्या आणि संगणक त्यांना तारीख न मानता नुसता मजकूर मानत होता, त्यामुळे त्या ओळी बेरजेत येतच नव्हत्या. चौकटीत अशा तारखा डावीकडे चिकटलेल्या दिसतात, खऱ्या तारखा उजवीकडे असतात, एवढ्या खुणेवरून त्या शोधून सुधारल्या. मग एप्रिल, मे आणि जून शून्यावर आले, पण जुलैअखेर एकदम ३,६०० रुपयांचा फरक उगवला आणि ऑगस्टअखेर तो आपोआप मावळला. असा उगवून मावळणारा फरक रकमेच्या चुकीने पडत नाही, तो तारखेच्या चुकीने पडतो. एका सभासदाचा भरणा बँकेत २ ऑगस्टला जमा झाला होता आणि मी त्यापुढे २ जुलै लिहिले होते. त्याचा वर्षअखेरच्या फरकाशी काही संबंध नव्हता, तरी ती तारीख नीट केल्याशिवाय पुढचे चित्र स्वच्छ होणार नव्हते.

एवढे झाल्यावर तक्ता बोलू लागला. ऑगस्टअखेरपर्यंत फरक शून्य. सप्टेंबरअखेर माझा आकडा बँकेच्या आकड्यापेक्षा १५० रुपयांनी कमी. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये तोच फरक कायम. डिसेंबरअखेर मात्र माझा आकडा ३० रुपयांनी जास्त, जानेवारीत तेवढाच, फेब्रुवारीअखेर ४८ रुपयांनी जास्त आणि मार्चअखेर तेच ४८. म्हणजे सप्टेंबरमध्ये १५० रुपये एका दिशेला, डिसेंबरमध्ये १८० रुपये उलट दिशेला आणि फेब्रुवारीत आणखी १८ रुपये त्याच उलट दिशेला, अशा तीन स्वतंत्र उड्या होत्या. काकांची शंका खरी ठरली होती, आणि आता माझ्यापुढे शोधण्याजोग्या तीन खऱ्या रकमा होत्या.

सप्टेंबरची चूक पाच मिनिटांत सापडली. उताऱ्यावर प्रत्येक व्यवहारापुढे शिल्लक छापलेली असते, त्यामुळे महिन्याच्या मधला एक दिवस घेऊन तेथवर हिशेब जुळतो का ते पाहायचे, जुळत असेल तर उरलेल्या निम्म्यात शोधायचे आणि नसेल तर आधीच्या निम्म्यात. १५ तारखेला जुळत होते, २३ तारखेला जुळत होते, २९ तारखेलाही जुळत होते. ३० सप्टेंबरला बँकेने तिमाहीचे व्याज जमा केले होते, १,३८६ रुपये. माझ्या वहीत १,२३६ रुपये होते. व्याजाची नोंद मी तेव्हा पासबुकावरून केली होती आणि त्या पानावरची छपाई इतकी फिकी होती की तीनचा दोन आणि आठचा तीन वाचला गेला. या नोंदीपुढे मी उतारा पाहून खूण केलीच नव्हती. धनादेश आणि भरणे आपण बँकेला देतो, म्हणून त्यांची पडताळणी केली. व्याज आणि शुल्क यांच्या नोंदी तर बँकेच्याच कागदावरून केल्या होत्या, मग त्या बरोबरच असणार असे धरून मी त्यांच्यापुढे सरसकट खुणा ओढल्या होत्या. संदेशांच्या शुल्काची चूक याच समजुतीच्या आड इतके दिवस लपली होती.

डिसेंबरचे प्रकरण अधिक खोचक होते. १८० ला नवाने भागले तर २० येतात, म्हणजे एक अंक आणि पुढे शून्य, हे काकांनी सांगितलेल्या खुणेशी तंतोतंत जुळत होते. दोन अंकांत दोनचा फरक असावा आणि अदलाबदल शतक व दशक या स्थानांची असावी, इथपर्यंत अंदाज बांधता आला. डिसेंबरमध्ये लिहिलेले सर्व धनादेश मी स्थळप्रतींशी पुन्हा ताडून पाहिले आणि सगळे बरोबर निघाले. बऱ्याच वेळाने ध्यानात आले की माझा तक्ता बँकेच्या तारखेवर चालतो, त्यामुळे चूक असलेला धनादेश डिसेंबरमध्ये वटलेला असेल, पण लिहिलेला त्याआधीही असू शकेल. धनादेश वटेपर्यंत त्याची चुकीची रक्कम रोखवहीतून वजा होते आणि तीच चुकीची रक्कम न वटलेल्या यादीत परत मिळवली जाते, म्हणून तोवर फरक पडत नाही. बँक खरी रक्कम देते त्या दिवशी तो उघडकीस येतो. ४ डिसेंबरला माझा आकडा अजून १५० रुपयांनी कमी होता आणि ५ डिसेंबरला ३० रुपयांनी जास्त. त्या दिवशी सामायिक विजेच्या बिलाचा धनादेश वटला होता. धनादेश २७ नोव्हेंबरचा, रक्कम ८,६४० रुपये, आणि रोखवहीत ८,४६० रुपये.

मग या धनादेशापुढे माझी खूण कशी होती, हा प्रश्न मला जास्त टोचला. खूण होती, आणि ती मीच केली होती. वर्षअखेरीस शेकडो ओळी पाहताना धनादेशाच्या क्रमांकाचे शेवटचे तीन अंक जुळले की मी खूण करीत गेलो होतो आणि रकमेवर नुसती नजर फिरवीत होतो. आठ, सहा, चार, शून्य आणि आठ, चार, सहा, शून्य हे अंक थकलेल्या डोळ्यांना सारखेच दिसतात. सगळे धनादेश जुळले असे मी ज्याला म्हणत होतो, ते प्रत्यक्षात सगळे क्रमांक जुळले एवढेच होते. मी त्यानंतर उताऱ्यातील रक्कम तक्त्यात शेजारी स्वतंत्र टंकून दोन्हींची वजाबाकी संगणकाकडून करून घ्यायला लागलो. शून्य आले की खूण आपोआप होते.

फेब्रुवारीचे १८ रुपये म्हणजे शंभर रुपयांवरचा अठरा टक्के कर असणार, हे आकडा पाहताच मनात आले आणि तसेच निघाले. एका सभासदाचा ३,६०० रुपयांचा धनादेश खात्यात पुरेशी शिल्लक नसल्यामुळे परत आला होता. बँकेने मूळ रक्कम परत नावे टाकली आणि परताव्याचे शुल्कही आकारले. संदेशांचे शुल्क ही बँक करासह एकाच ओळीत दाखवते, परताव्याचे शुल्क मात्र तीन ओळींत होते: शंभर रुपयांची एक ओळ आणि नऊ-नऊ रुपयांच्या केंद्रीय व राज्य कराच्या दोन ओळी. शंभराची ओळ उताऱ्याच्या पानावर सर्वांत खाली होती आणि कराच्या दोन ओळी पुढच्या पानाच्या माथ्यावर गेल्या होत्या. मी शंभर लिहिले, सभासदाच्या खात्याला तेवढेच नावे टाकले आणि पान उलटले.

दुरुस्त्या करताना मी जुन्या नोंदी खोडून त्यांवर नवे आकडे लिहिले नाहीत. ३१ मार्च २०२४ या तारखेने चार दुरुस्ती नोंदी घातल्या आणि प्रत्येकीसोबत मूळ कागदाची प्रत लावली: बँक शुल्कातून १ रुपया २० पैसे कमी, मिळालेल्या व्याजात १५० रुपयांची वाढ, वीजखर्चात १८० रुपयांची वाढ आणि त्या सभासदाच्या नावे आणखी १८ रुपये. रोखवहीची शिल्लक १,८४,११५ रुपये २० पैशांवर आली. तीत ३७,४५० मिळवून ७,२०० वजा केले आणि २,१४,३६५ रुपये २० पैसे उतरले, तेव्हा शेवटच्या वीस पैशांकडे मी जरा वेळ पाहतच राहिलो. ४६ रुपये ८० पैशांच्या आड एकूण ३४९ रुपये २० पैशांच्या चुका होत्या, आणि फरक उचंत खात्यात टाकला असता तर व्याज, वीज, बँक शुल्क आणि सभासदाचे येणे ही चारही खाती चुकीचीच राहून वर पाचवे एक निरर्थक खाते तयार झाले असते.

या पद्धतीची एक उणीव काकांनी पत्रक पाहताना दाखवली, ती नोंदवून ठेवतो. एकाच महिन्यात सारख्या रकमेच्या दोन चुका विरुद्ध दिशांना झाल्या असतील तर महिनाअखेरचा फरक शून्यच येतो आणि त्या दोन्ही लपून राहतात. एका सभासदाचा भरणा दुसऱ्याच्या नावावर जमा केला तर बँकेची जुळवणी कधीच चुकत नाही, दोन सभासदांची खाती मात्र चुकतात. ती चूक सभासदांच्या थकबाकीची यादी तपासल्यावरच दिसते. त्यांच्या सांगण्यावरून मी तीही यादी एकदा नजरेखालून घातली.

धनादेश परत आलेल्या सभासदाला कराचे राहिलेले अठरा रुपये भरण्याची चिठ्ठी मी जूनमध्ये पाठवली. त्यांनी फोन करून, अठरा रुपये तुम्हाला चार महिन्यांनी आठवले का, असे विचारले आणि मी त्यांना उताऱ्याची ती दोन पाने दाखवली. संध्याकाळी त्यांनी संस्थेच्या खात्यावर वीस रुपये पाठवले, आणि २०२४-२५ च्या रोखवहीत मी ते वीसच लिहिले. दोन रुपये त्यांच्या नावावर आगाऊ जमा आहेत.